बीपीच्या नोंदींचा स्क्रीनशॉट: सकाळ-संध्याकाळची सरासरी कशी काढायची आणि 'जास्त' कशाला म्हणायचं?

रविवारी रात्री साडेनऊला फॅमिली ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येतो. साताऱ्याच्या बाबांनी आठवडाभर घरच्या मशीनवर बीपी मोजलंय, ॲपमध्ये भरलंय आणि ती यादी ग्रुपवर टाकली आहे. एकूण १६ नोंदी आहेत आणि बऱ्याचशा लाल रंगात.

पाच मिनिटांत उत्तरं सुरू होतात. आत्या लिहिते, "१६ पैकी १४ लाल आहेत! दादा, गोळी दोन वेळा घ्यायला लाग." काका लिहितात, "अगं, १४० च्या वर पाचच आहेत. वयाच्या मानाने ठीक आहे." पुण्यातली मुलगी स्क्रीनशॉट झूम करून बघत बसते. दोघांनी आकडे नीट मोजलेत. मग एकाच यादीतून १४ आणि ५ अशी दोन उत्तरं कशी आली? आणि गोळीचं काय करायचं?

हे कुटुंब आणि हे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. पण असा स्क्रीनशॉट अनेकांच्या फोनमध्ये असेल. तो नीट वाचायचा कसा, हे या एकाच यादीवरून टप्प्याटप्प्याने पाहू.

यादीत नेमकं काय आहे?

बाबांचं वय ६२. रोज सकाळी नाश्त्यानंतर नऊच्या सुमारास ते बीपीची एक गोळी घेतात. सकाळी सातला, म्हणजे गोळीच्या आधी, आणि रात्री आठला, जेवणाआधी, ते बीपी मोजतात. आठवड्याच्या नोंदी अशा आहेत:

| वार | सकाळ | संध्याकाळ |
|---|---|---|
| सोमवार | १५२/९२ | १४४/८८ |
| मंगळवार | १४२/८८ | १३०/८० |
| बुधवार | १३८/८६ | १५०/८८, १३६/८४, १३४/८० |
| गुरुवार | १४४/९० | १२८/७८ |
| शुक्रवार | १४०/८६ | १३२/८२ |
| शनिवार | १३६/८४ | १२६/७८ |
| रविवार | १४०/८८ | १३०/८० |

पहिला, म्हणजे वरचा आकडा हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांत असणारा दाब. मशीनवर तो SYS म्हणून दिसतो. दुसरा, म्हणजे खालचा आकडा दोन ठोक्यांच्या मधला दाब, मशीनवर DIA. त्याखाली नाडीचे ठोकेही दिसतात. घाईत भरताना नाडीचा आकडा DIA च्या जागी पडणं ही नेहमीची चूक आहे. एखाद्या दिवशी खालचा आकडा अचानक ६५ किंवा १०० झालेला दिसला, तर आधी मशीनच्या मेमरीतली मूळ नोंद तपासावी.

बहुतेक ॲपमध्ये सगळ्यात नवी नोंद वर असते आणि सकाळ-संध्याकाळ वेगळी केलेली नसते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे वरच्यासारखा तक्ता कागदावर उतरवणं. वेळ बघून नोंद कुठल्या रकान्यात जाते ते ठरवायचं.

बुधवारी संध्याकाळी तीन नोंदी का?

बुधवारी बाबा बाजारातून पिशव्या घेऊन आले, जिना चढले आणि लगेच पट्टा बांधून बसले. १५०/८८ आलं. घाबरून पुन्हा मोजलं, १३६/८४. मग तिसऱ्यांदा, १३४/८०.

आकडा जास्त आला की माणूस पुन्हा मोजतो, कमी आला की समाधानाने मशीन ठेवून देतो. त्यामुळे वाईट वेळेच्या नोंदी यादीत जास्त होतात. तिन्ही नोंदी वेगवेगळ्या धरल्या तर त्या एका संध्याकाळचं वजन इतर कुठल्याही संध्याकाळच्या तिप्पट होतं. तिन्हींतून सगळ्यात कमी असलेली १३४/८० तेवढी ठेवली, तर तीही सोयीची निवडच झाली.

सोपा नियम असा: एका वेळेला बसून जितक्यांदा मोजलं, त्या सगळ्यांची मिळून एकच नोंद धरायची. १५०, १३६ आणि १३४ यांची बेरीज ४२०, भागिले ३, म्हणजे १४०. खालचे ८८, ८४ आणि ८० यांची बेरीज २५२, भागिले ३, म्हणजे ८४. बुधवार संध्याकाळची नोंद झाली १४०/८४.

खरं तर प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं आणि दोन्ही आकडे लिहावेत, असं युरोपातल्या आणि ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे आकडा चांगला येवो की वाईट, प्रत्येक वेळेला सारखंच वजन मिळतं.

सोमवार का वगळायचा?

याच सूचना आणखी एक गोष्ट सांगतात. घरी शक्यतो सात दिवस मोजावं, पण सरासरी काढताना पहिला दिवस सोडून द्यावा. मशीन नवीन असतं, पट्ट्याचा ताण जाणवतो, आता काय आकडा येणार ही धाकधूक असते. त्यामुळे पहिल्या दिवसाचे आकडे बऱ्याचदा चढे येतात.

बाबांच्या यादीतही सोमवारच्या दोन्ही नोंदी उंच आहेत. सोमवार धरला तर वरच्या आकड्याची सरासरी १३७.३ येते, वगळला तर १३५.५. म्हणजे जवळजवळ दोन अंकांचा फरक एकट्या सोमवारमुळे पडतो.

मात्र पहिला दिवस वगळायचा हे मोजमाप सुरू करण्याआधीच ठरवायचं. यादी बघून 'गुरुवारी सकाळी झोप झाली नव्हती, तो सोडून देऊ' असं करत गेलं, तर हवी ती सरासरी काढता येते.

आता बेरीज आणि भागाकार

सोमवार गेला. उरले सहा दिवस, म्हणजे सकाळच्या सहा आणि संध्याकाळच्या सहा, एकूण १२ नोंदी. वरचे आणि खालचे आकडे वेगवेगळे घ्यायचे.

सकाळचे वरचे आकडे १४२, १३८, १४४, १४०, १३६ आणि १४०. मोठी बेरीज टाळायची असेल तर १४० हा आधार धरा आणि फक्त फरक मोजा: अधिक २, उणे २, अधिक ४, शून्य, उणे ४, शून्य. फरकांची बेरीज शून्य, म्हणजे सरासरी नेमकी १४०. सकाळच्या खालच्या आकड्यांची बेरीज ५२२ येते, भागिले सहा, म्हणजे ८७.

संध्याकाळच्या वरच्या आकड्यांची बेरीज ७८६, भागिले सहा, म्हणजे १३१. खालच्यांची बेरीज ४८२, म्हणजे साधारण ८०.

तर सकाळची सरासरी १४०/८७, संध्याकाळची १३१/८० आणि दोन्ही मिळून १३५.५/८४.

'जास्त' म्हणजे कितीपेक्षा जास्त?

आत्या आणि काकांचा घोळ इथे आहे.

काकांनी १४०/९० ही मर्यादा धरली. भारतात डॉक्टरांकडे मोजलेल्या बीपीसाठी सर्वसाधारणपणे हीच मर्यादा वापरतात. पण ती दवाखान्यातल्या आकड्यांसाठी आहे. तिथे पोहोचताना झालेली धावपळ, रांग आणि पांढरा कोट यामुळे बीपी थोडं चढलेलं असतं. घरी निवांत बसून मोजलेल्या सरासरीसाठी त्याच तोडीची मर्यादा १३५/८५ मानली जाते. घरच्या आकड्यांना दवाखान्याची फूटपट्टी लावली की जास्त नोंदी कमी दिसतात.

काकांची आणखी एक गफलत झाली. त्यांनी '१४० च्या वर' म्हणजे १४१ पासून मोजलं. नियमात १३५ किंवा १४० हा आकडा स्वतःही 'जास्त' मध्येच येतो. काकांच्याच मर्यादेने, पण १४० धरून मोजलं, तर पाचच्या सात नोंदी होतात.

आत्याने काहीच मोजलं नाही, लाल रंग मोजला. ॲपमध्ये १३०/८० ही मर्यादा भरलेली होती. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ साली ही मर्यादा स्वीकारली. त्या हिशोबाने १३०/८० ही नोंदही लाल होते. रंग कुठल्या आकड्याला बदलतो हे ॲपच्या सेटिंगमध्ये बघता येतं आणि बऱ्याच ॲपमध्ये ते बदलताही येतं.

तेव्हा लाल रंग बाजूला ठेवून १३५/८५ ने पुन्हा मोजू. वरचा आकडा १३५ किंवा जास्त, अथवा खालचा ८५ किंवा जास्त, यातलं एक जरी खरं असलं तरी ती नोंद 'जास्त' धरायची. शनिवारी सकाळचं १३६/८४ बघा. खालचा आकडा मर्यादेत आहे, पण वरचा नाही. म्हणून ही नोंद जास्त.

अशा १२ पैकी ७ नोंदी मर्यादेला पोहोचलेल्या किंवा ओलांडलेल्या आहेत.

सगळ्यांना हीच मर्यादा लागू होते असं नाही. ब्रिटनच्या सूचनांमध्ये उपचार सुरू असलेल्या ८० वर्षांवरच्या लोकांसाठी घरची मर्यादा १४५/८५ आहे. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर त्याहून खालचं लक्ष्य देऊ शकतात. डॉक्टरांनी स्वतंत्र आकडा सांगितला असेल तर मोजणी त्याच आकड्याने करायची.

एक्सेलमध्ये करताना होणारी चूक

अनेक जण हे आकडे एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये भरतात. तिथे '142/88' असं एकाच चौकटीत लिहिलं तर शीट त्याला आकडा मानत नाही आणि सरासरी निघत नाही. वरचा आकडा B रकान्यात आणि खालचा C रकान्यात हवा. ओळ २ ते ७ मध्ये सकाळच्या आणि ८ ते १३ मध्ये संध्याकाळच्या नोंदी भरल्या, तर सूत्रं अशी होतील:

```
=AVERAGE(B2:B7)
=AVERAGE(B8:B13)
=SUMPRODUCT(--((B2:B13>=135)+(C2:C13>=85)>0))
```

उत्तरं येतील १४०, १३१ आणि ७. तिसरं सूत्र थोडं अवघड दिसतं, पण त्याला कारण आहे. वरचे जास्त आकडे वेगळे मोजले तर सात येतात, खालचे वेगळे मोजले तर पाच. त्यांची बेरीज केली की १२ होतात, म्हणजे १२ पैकी १२ नोंदी जास्त! प्रत्यक्षात त्या पाच नोंदी आधीच्या सातांपैकीच आहेत, त्या दोनदा मोजल्या गेल्या. तिसरं सूत्र प्रत्येक ओळ एकदाच मोजतं.

मग या यादीचा अर्थ काय?

एकूण सरासरी १३५.५/८४, म्हणजे अगदी काठावर. घरच्या मशीनच्या माहितीपत्रकात बहुधा अधिक-उणे ३ इतका फरक मान्य केलेला असतो. त्यामुळे 'अर्ध्या अंकाने मर्यादा ओलांडली' म्हणून घाबरण्यात अर्थ नाही आणि '१३४ आलं असतं तर सुटलो असतो' यातही नाही.

पण त्या सात नोंदी कुठे आहेत ते बघा. सकाळच्या सहापैकी सहा. संध्याकाळच्या सहापैकी एक, आणि तीही जिना चढून आल्याच्या दिवशीची. सगळे आकडे एकत्र करून काढलेल्या सरासरीने हाच फरक झाकला होता. बाबांचं बीपी दिवसभर काठावर नाही. सकाळी ते मर्यादेच्या वर आहे आणि संध्याकाळी खाली.

यातून आणखी एक गोष्ट कळते. बाबा डॉक्टरांकडे जातात ते संध्याकाळी सातच्या ओपीडीत. तिथे मागच्या वेळी १३४/८२ आलं आणि 'नॉर्मल आहे, चालू ठेवा' असं सांगितलं गेलं. डॉक्टरांसमोर जो आकडा होता त्यावरून ते बरोबरच होतं. सकाळी सातचा आकडा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

फक्त किती नोंदी जास्त आहेत यावरूनही अंदाज बांधता येतो का? बीपीचे उपचार घेणाऱ्या लोकांवर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. घरच्या शेवटच्या दहा नोंदींत तीन किंवा अधिक वेळा वरचा आकडा १३५ किंवा जास्त असेल, तर २४ तास मशीन लावून केलेल्या तपासणीतही बीपी नियंत्रणात नसण्याची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं. सरासरी काढायला वेळ नसलेल्या डॉक्टरांसाठी ही झटपट पद्धत आहे. बाबांच्या शेवटच्या दहा नोंदींत, म्हणजे बुधवार सकाळपासून, असे सहा आकडे आहेत. सरासरी काठावर असली तरी ही यादी डॉक्टरांना दाखवण्यासारखी आहे, हे त्यावरून ठरतं.

सकाळीच जास्त का?

एक शक्यता म्हणजे गोळीचा असर. सकाळी नऊला घेतलेल्या गोळीला दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत २२ तास होतात. काही औषधांचा परिणाम शेवटच्या तासांत ओसरतो. दुसरं म्हणजे जाग येण्याच्या सुमारास शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि त्याबरोबर बीपीही चढतं. तिसरी शक्यता झोपेची. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर सकाळचं बीपी वाढलेलं राहू शकतं.

यातलं कुठलं कारण खरं, हे स्क्रीनशॉटवरून सांगता येत नाही. म्हणूनच आत्याचा 'गोळी दोन वेळा' हा सल्ला धोक्याचा आहे. संध्याकाळी १२६ ते १३२ असणाऱ्या माणसाने रात्री आणखी एक गोळी घेतली, तर बीपी फार उतरून बाथरूमला उठताना चक्कर येऊ शकते. तीच गोळी सकाळऐवजी रात्री घेण्याचा प्रयोगही स्वतःहून करू नये. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. गोळी सकाळी घेतली की रात्री, यामुळे हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

आकडेच चुकीचे असतील तर?

सरासरीमुळे एखाद-दुसरा चढलेला आकडा बोथट होतो. पण रोज एकच चूक होत असेल तर ती सरासरीतही जशीच्या तशी उतरते. हात टेबलावर, छातीच्या पातळीला टेकवण्याऐवजी मांडीवर किंवा खाली लोंबकळत ठेवला, तर वरचा आकडा चार ते सहा अंकांनी जास्त येऊ शकतो. बाबा पलंगावर बसून हात मांडीवर ठेवत असतील, तर त्यांची १३५ ची सरासरी प्रत्यक्षात १३१ च्या आसपास असू शकते.

म्हणून मुलीने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, "बाबा, मोजताना कसे बसता?" पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. पट्टा उघड्या दंडावर, शर्टावरून नाही. आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं शांत बसायचं आणि मोजताना बोलायचं नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा जिना नको. दंड जाड असेल आणि पट्टा लहान पडत असेल तर आकडा वाढतो, तेव्हा पट्ट्यावर लिहिलेलं माप बघावं. यात काही चुकत असेल तर ते सुधारून आणखी एक आठवडा मोजलेलं बरं.

सरासरी कधी काढत बसू नये?

यादीत कुठेही १८०/१२० किंवा त्याहून मोठा आकडा असेल, तर काही मिनिटं शांत बसून पुन्हा मोजावं. तरीही तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा बोलताना अडखळणं यापैकी काहीही असेल, तर पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन करावा.

बाबांच्या यादीत तसं काही नाही. त्यामुळे मुलगी ग्रुपवरचा वाद थांबवते आणि बाबांना डॉक्टरांसाठी एवढंच लिहून देते:

"घरची नोंद, मंगळवार ते रविवार, सहा दिवस. सकाळी ७, गोळीआधी: सरासरी १४०/८७, सहापैकी ६ जास्त. रात्री ८: सरासरी १३१/८०, सहापैकी १ जास्त. मर्यादा १३५/८५ धरली आहे. गोळी रोज सकाळी ९ ला. एकदाही चुकलेली नाही."

खाली ती एक ओळ बाबांसाठी लिहिते, "डॉक्टरांना विचारा, सकाळचंच का वाढतंय? आणि तोवर गोळी आहे तशीच."